कोरड्या आवाजाला खोली देताना

कपड्यांनी भरलेल्या कपाटात उभं राहून किंवा छोट्या डबिंग बूथमध्ये बसून, तोंडापासून वीतभर अंतरावरच्या माइकवर रेकॉर्ड केलेला आवाज स्वच्छ असतो. पण बोलणारा कुठल्या जागेत आहे, हे त्यावरून कळत नाही. पुस्तकाच्या अभिवाचनात हे चालून जातं. तिथे वाचणारा थेट श्रोत्याच्या कानाशी बोलत असतो आणि श्रोत्यालाही तेच हवं असतं. श्रुतिकेत मात्र दोन माणसं एका दिवाणखान्यात समोरासमोर बसून बोलताहेत असं ऐकू यावं लागतं. त्यासाठी रिव्हर्ब लावला जातो, आणि पुष्कळदा खोली उभी राहतच नाही, शब्द तेवढे गढूळ होतात.

या प्रश्नावर ध्वनिशास्त्रज्ञांनी आणि रेकॉर्डिस्ट लोकांनी शंभरहून अधिक वर्षं काम केलं आहे. त्यातलं बरंचसं काम संगीतासाठी झालं, त्यामुळे बोलण्याच्या आवाजासाठी ते जसंच्या तसं उचलता येत नाही. इथे प्रश्न मर्यादित ठेवला आहे: साध्या, घरगुती मापाच्या खोलीचा भास बोलक्या आवाजाला कसा द्यायचा? उपलब्ध ज्ञान आणि अनुभव एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. खोलीची ओळख कानाला पहिल्या ५० मिलिसेकंदांतच पटते, आणि गढूळपणा येतो तो त्यानंतर लांबत जाणाऱ्या शेपटीतून. या दोन गोष्टी वेगळ्या हाताळल्या की काम सोपं होतं; एकाच फेडरवर दोन्ही वर-खाली केल्या की बिघडतं.

गढूळ म्हणजे नेमकं काय

हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळत नाही, अशी तक्रार १८९५ मध्ये वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आली. त्या रिकाम्या सभागृहात उच्चारलेला ध्वनी विरायला साडेपाच सेकंदांच्या आसपास वेळ लागत होता. सबाइनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे आणून ठेवल्या आणि एकेका टप्प्याला आवाज किती वेळात विरतो ते मोजलं. खोलीचं घनफळ आणि तिच्यातली ध्वनी शोषण्याची क्षमता यांवरून घुमण्याचा काळ काढण्याचं त्याचं सूत्र आजही वापरात आहे. त्याच्याच मोजणीच्या धर्तीवर आज घुमण्याचा काळ म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ.

हा आकडा बोलण्याशी जोडून पाहू. सामान्य वेगाने बोलताना सेकंदाला साधारण पाच अक्षरं उच्चारली जातात, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला सुमारे २०० मिलिसेकंद येतात. घुमण्याचा काळ दीड सेकंद असेल, तर पुढचं अक्षर येईपर्यंत मागच्या अक्षराचा घुमार फक्त ८ डेसिबलने उतरलेला असतो. काळ अर्धा सेकंद असेल, तर तोच घुमार २४ डेसिबलने उतरतो. स्वर जोरकस असतात आणि त्यांची बरीचशी ताकद २०० ते ७०० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. व्यंजनं, विशेषतः शब्दाच्या शेवटची, स्वरांच्या तुलनेत २० डेसिबलनेही दुबळी असू शकतात. त्यामुळे मागच्या स्वराची शेपटी पुढच्या व्यंजनावर पसरते.

मराठीत याची परीक्षा घ्यायची तर ‘पाट’ आणि ‘पाठ’ हे शब्द रेकॉर्ड करून त्यांच्यावर हॉलचा तयार प्रीसेट लावून ऐकावा. दोन्हींत ‘आ’ लांब आणि भरघोस आहे. फरक आहे तो शेवटी सुटणाऱ्या श्वासाचा, आणि तोही क्षणभराचा. रिव्हर्ब मूळ आवाजापेक्षा १० डेसिबलने खाली आणि घुमण्याचा काळ दीड सेकंद असेल, तर त्या क्षणी ‘आ’चा घुमार स्वतः ‘आ’च्या खाली जेमतेम १८ डेसिबलवर असतो. ‘ठ’चा श्वास त्यात बुडतो आणि दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. गढूळपणा म्हणतात तो हाच: खालच्या-मधल्या पट्ट्यातली शेपटी व्यंजनांच्या जागा भरून टाकते.

खोलीची ओळख कशातून पटते

आता शेपटीच्या आधीच्या भागाकडे येऊ. उदाहरणासाठी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असा दिवाणखाना घेऊ. दोन माणसं मधोमध, दीड मीटर अंतरावर समोरासमोर बसली आहेत, आणि तोंड आणि कान जमिनीपासून १.२ मीटरवर आहेत. थेट आवाज पोहोचल्यानंतर सुमारे ४ मिलिसेकंदांनी जमिनीवरून आदळून आलेला आवाज पोहोचतो, ७ मिलिसेकंदांनी छताचा, ८ मिलिसेकंदांनी बाजूच्या भिंतींचा आणि १० मिलिसेकंदांनी ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीचा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, एवढं धरलं की ही सगळी गणितं कागदावर करता येतात.

हे परावर्तित आवाज कानाला वेगळे ऐकू येत नाहीत. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिलं की थेट आवाजामागोमाग थोड्याच मिलिसेकंदांच्या आत आलेली प्रत मेंदू थेट आवाजातच मिसळून घेतो आणि दिशा मात्र पहिल्या आवाजाचीच धरतो. पुढे ब्रॅडली, सातो आणि पिकार्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे ठळकपणे मांडलं, की पहिल्या ५० मिलिसेकंदांतली परावर्तनं बोलणं समजायला मदत करतात. म्हणजे खोलीची ओळख देणारा भाग आणि शब्दांना आधार देणारा भाग एकच आहे. नैसर्गिकपणा आणि स्पष्टता यांत भांडण आहे असं वाटतं, ते खरं तर फक्त शेपटीपुरतं असतं.

याच ठिकाणी संगीताच्या मिक्सिंगमधून आलेला एक सल्ला अडचण करतो. गायकाचा आवाज स्पष्ट राहावा म्हणून रिव्हर्बला ३० ते ८० मिलिसेकंदांचा प्री-डिले द्यावा, असं सर्रास सांगितलं जातं. गाण्यात ते बरोबर आहे. पण आपल्या दिवाणखान्यात पहिलं परावर्तन ४ मिलिसेकंदांवर आहे. तिथे ४० मिलिसेकंद काहीच ऐकू आलं नाही, तर कानाला वाटतं की बोलणारा अगदी जवळ आहे आणि त्याच्यामागे कुठेतरी एक मोठी जागा वेगळीच घुमते आहे. शिवाय अंतराचं गणित उलटं चालतं. बोलणारा दूर गेला की थेट आवाज आणि जमिनीवरचं परावर्तन यांतलं अंतर कमी होतं. त्याच खोलीत तो साडेतीन मीटरवर गेला तर ४ ऐवजी २ मिलिसेकंदच उरतात. प्री-डिले वाढवला की माणूस जवळ येतो, दूर जात नाही. म्हणून आधीची परावर्तनं जागेवर ठेवून फक्त शेपटी १५-२० मिलिसेकंद मागे सारायची, हा मधला मार्ग घरगुती खोलीला जास्त मानवतो. त्यासाठी परावर्तनं आणि शेपटी वेगवेगळी नियंत्रित करू देणारा रिव्हर्ब लागतो.

चार वाटा

पहिली वाट खऱ्या खोलीची. शिकागोत बिल पटनम यांनी १९४७ मध्ये हार्मोनिकॅट्सच्या ध्वनिमुद्रिकेसाठी स्टुडिओची न्हाणीघराची जागा घुमारकक्ष म्हणून वापरली: एका बाजूला स्पीकर, दुसरीकडे माइक. १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’साठी वॉल्टर मर्च यांनी आधी रेकॉर्ड झालेलं संगीत खऱ्या जागांमध्ये वाजवून पुन्हा रेकॉर्ड केलं. घरी हेच करायचं तर रात्री पंखा आणि फ्रिज बंद करून, एका चांगल्या स्पीकरवर कोरडा आवाज वाजवून दुसऱ्या कोपऱ्यात माइक लावायचा. खोली खरीच असल्यामुळे निकाल पटणारा असतो. पण बाहेरची रहदारी आणि स्पीकरचा स्वतःचा रंगही सोबत येतो, आणि संवाद बदलला की सगळं पुन्हा करावं लागतं.

दुसरी वाट प्लेटची. जर्मन कंपनी इएमटीने १९५७ मध्ये आणलेल्या ‘इएमटी १४०’ मध्ये टांगलेल्या मोठ्या पोलादी पत्र्याच्या कंपनातून घुमार निर्माण होतो. हा घुमार सुरुवातीपासूनच दाट असतो आणि त्यात भिंतींची स्वतंत्र परावर्तनं नसतात. गाण्याला तो खुलवतो. दिवाणखाना मात्र उभा करत नाही. प्लग-इनच्या यादीत ‘प्लेट’ हे नाव दिसलं तर श्रुतिकेच्या संवादासाठी ते बाजूला ठेवावं.

तिसरी वाट गणिताची. बेल लॅबमधले मानफ्रेड श्रोडर यांनी १९६२ च्या निबंधात, आवाजाच्या प्रती फेऱ्यात फिरवून घुमार कसा तयार करता येतो ते मांडलं. नैसर्गिक वाटण्यासाठी सेकंदाला सुमारे हजार प्रतिध्वनी तरी हवेत, असा त्यांचा हिशोब होता. पुढचे बहुसंख्य डिजिटल रिव्हर्ब या कल्पनेचे वंशज आहेत. या जातीची कमजोरी ‘प’, ‘ट’, ‘च’ अशा तुटक ध्वनींवर उघडी पडते: प्रतिध्वनींची दाटी कमी असेल तर प्रत्येक ‘ट’मागे धातूची किणकिण ऐकू येते. रिव्हर्ब निवडताना म्हणून त्याला संवाद देण्याआधी एकच टाळी देऊन पाहावी. टाळीमागे सूर ऐकू आला, तर तो रिव्हर्ब बोलण्याच्या कामाचा नाही.

चौथी वाट कन्व्होल्यूशनची. खऱ्या खोलीचा एका क्षणिक ध्वनीला मिळालेला प्रतिसाद रेकॉर्ड करायचा, त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, आणि कोरड्या आवाजावर तो गणिताने लादायचा. सोनीने १९९९ मध्ये यासाठी स्वतंत्र यंत्र आणलं. २००० मध्ये इटलीच्या अँजेलो फरिना यांनी खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून प्रतिसाद मोजण्याची पद्धत मांडली, जिच्यात खोलीतल्या गोंगाटाचा त्रास कमी होतो. घरगुती कामासाठी फुगा फोडूनही चालतं, फक्त रेकॉर्डरचं आपोआप लेव्हल ठरवणं बंद हवं आणि फुग्याचा फट्कार क्लिप होता कामा नये. लहान, ओळखीच्या खोलीसाठी मला ही वाट सगळ्यांत खात्रीची वाटते, कारण परावर्तनांच्या वेळा खोलीकडूनच मिळतात.

तिच्यात एक खाचखळगा आहे, आणि बरेच जण त्यात पडतात. फुग्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला फुग्याचा थेट आवाजही असतो. तसाच इम्पल्स वापरला तर कोरड्या आवाजावर त्याचीच आणखी एक प्रत बसते, आणि दोघांत काही मिलिसेकंदांचा फरक असला की ठरावीक पट्टे एकमेकांना खोडतात. ४ मिलिसेकंदांचा फरक असेल, तर १२५, ३७५, ६२५ हर्ट्झ अशा जागी खड्डे पडतात आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. उपाय सोपा आहे. इम्पल्सची सुरुवात थेट आवाजाच्या टोकाशी आणून ठेवायची आणि पहिलं परावर्तन येईपर्यंतचा तो तुकडा शांत करायचा. कापून टाकायचा नाही. कापला तर सगळी परावर्तनं पुढे सरकतात आणि खोलीचं माप बिघडतं.

एक प्रसंग, पायरी पायरीने

आता वरच्याच दिवाणखान्यातला एक संवाद तयार करू: आई श्रोत्यापासून दीड मीटरवर खुर्चीत बसून मुलाशी बोलते आहे आणि मुलगा साडेतीन मीटरवरच्या, कोपऱ्यातल्या स्वयंपाकघराच्या दारातून उत्तर देतो आहे. सामानसुमान आणि पडदे असलेल्या या खोलीचा घुमण्याचा काळ सबाइनच्या सूत्राने अर्ध्या सेकंदाच्या जवळ येतो. सामान काढून घेतलं तर तो एका सेकंदापर्यंत जातो. आपण अर्धा सेकंद धरू.

पहिलं काम कोरड्या आवाजावर. जवळून बोलल्यामुळे कार्डिऑइड माइकवर खालचा भाग फुगतो. दीड मीटरवरून ऐकताना ती फुगवट कुणाच्याच आवाजात नसते, म्हणून ८० हर्ट्झखालचं काढून टाकायचं आणि २०० हर्ट्झखालचा भाग ३ ते ५ डेसिबलने उतरवायचा. तोंडाशी घेतलेले श्वास आणि ओठांचे आवाज दबवायचे, कारण खोलीच्या पलीकडून ते ऐकू येणं शक्यच नसतं. कॉम्प्रेसर लावायचा असेल तर तो इथेच, कोरड्या ट्रॅकवर. रिव्हर्ब मिसळून झाल्यानंतर लावलेला कॉम्प्रेसर शब्दांमधल्या फटींत शेपटी वर उचलतो, आणि आपण कमी केलेला गढूळपणा पुन्हा आत आणतो.

दुसरं काम रिव्हर्बच्या बसवर. दोन्ही पात्रांसाठी एकच बस आणि एकच रिव्हर्ब, कारण ती एकाच खोलीत आहेत. प्लग-इन पूर्ण वेटवर ठेवायचा. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये `Wet Only` हा पर्याय निवडून वेगळा ट्रॅक करायचा. रिव्हर्बला पाठवायच्या आवाजावर आधी डी-एसर, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ची फवारणी खोलीभर होत नाही. रिव्हर्बच्या मागे इक्यू: २५० हर्ट्झखालचं काढायचं, ७००० हर्ट्झवरचं उतरवायचं आणि गरज पडली तर ४०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करायचे. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत घुमारकक्षाला पाठवायच्या आवाजातून सुमारे ६०० हर्ट्झखालचा भाग गाळण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. बोलण्याच्या खोलीसाठी इतकं वर जाऊ नये, खोली कागदी वाटू लागते. पण २५० हर्ट्झपर्यंत काढलेलं कुणाला जाणवत नाही, कारण तो भाग कोरड्या आवाजात आहेच.

तिसरं काम अंतराचं. खऱ्या खोलीत घुमाराची पातळी सगळीकडे जवळपास सारखी असते. अंतराबरोबर बदलतो तो थेट आवाज. दीड मीटरवरून साडेतीन मीटरवर गेलं की तो साधारण ७ डेसिबलने कमी होतो. म्हणून दोन्ही ट्रॅकवरून रिव्हर्बला जाणारे सेंड प्री-फेडर ठेवायचे आणि दोघांनाही सारखे. मग मुलाच्या ट्रॅकचा फेडर ५-७ डेसिबल खाली आणला की घुमार तेवढाच राहतो, थेट आवाज मागे जातो आणि मुलगा दारात जाऊन उभा राहतो. पुष्कळ जण याउलट मुलाचा रिव्हर्ब वाढवतात. त्याने मुलगा दूर न जाता दुसऱ्याच, जास्त घुमणाऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटतो.

किती घालायचा

इथे हिशोब आणि कान यांची फारकत होते. आपल्या खोलीत थेट आवाज आणि घुमार समान होण्याचं अंतर सूत्राने एका मीटरच्याही आत येतं. म्हणजे दीड मीटरवर खऱ्या खोलीत घुमार थेट आवाजापेक्षा ४-५ डेसिबलने मोठा असतो. मिक्समध्ये तेच प्रमाण ठेवलं तर संवाद ऐकवणार नाही. कारण खऱ्या खोलीत आपण दोन कानांनी ऐकतो, प्रत्येक परावर्तन वेगळ्या दिशेने येतं, आणि मेंदू त्यांना दिशेवरून बाजूला काढतो. डोळ्यांपुढे खोली असल्यामुळे घुमाराकडे लक्षही जात नाही. रेकॉर्डिंगमध्ये, आणि त्यातही मोबाइलच्या एका स्पीकरवर, सगळं एकाच ठिकाणाहून येतं. दिशेची मदत गेली की तेवढाच घुमार कितीतरी जास्त वाटतो.

म्हणून खोलीकडून वेळा घ्यायच्या, विरण्याचा काळ घ्यायचा, प्रमाण मात्र घ्यायचं नाही. आईच्या आवाजासाठी घुमार थेट आवाजाच्या १२ ते १५ डेसिबल खालून सुरुवात करावी. अर्ध्या सेकंदाचा काळ आणि १५ डेसिबलचं अंतर धरलं, तर पुढच्या अक्षरापर्यंत घुमार स्वराच्या ३९ डेसिबल खाली पोहोचतो आणि ‘पाठ’मधला श्वास मोकळा राहतो. मग फेडर हळूहळू वर न्यायचा. खोली आहे हे स्वतंत्रपणे ऐकू येऊ लागलं की २-३ डेसिबल मागे यायचं. खरी तपासणी त्यानंतरची: रिव्हर्बची बस एकदम बंद करायची. बंद केल्यावर पात्रं कपाटात गेल्यासारखी वाटली, आणि चालू असताना रिव्हर्बकडे लक्ष जात नसेल, तर प्रमाण जुळलं आहे.

सतत ऐकत राहिलं की कान घुमाराला सरावतो आणि हात फेडर वर नेत राहतो. त्यामुळे अंतिम प्रमाण दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी ठरवावं. हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि मोनो करून, असं तिन्ही प्रकारे ऐकावं. मोनोमध्ये आवाज डब्यातला वाटला तर दोष परावर्तनांच्या पातळीत आहे, ती कमी करावी. शब्दांची टोकं बुजली तर दोष शेपटीत आहे. तिचा काळ कमी करावा, नाहीतर खालचा पट्टा आणखी कापावा.

बोलताना शेपटी आपोआप दबवणारा सायडचेन कॉम्प्रेसर हा आणखी एक उपाय सुचवला जातो. गाण्यात तो छान चालतो. संवादात मात्र वाक्य संपलं की खोली फुगून वर आल्यासारखी होते, आणि शांततेत ते लगेच उघडं पडतं. २-३ डेसिबलपलीकडे त्याची गरज लागत असेल, तर शेपटीच लांब आहे असं समजावं.

जे रिव्हर्बने होत नाही

दोन मर्यादांवर अजून कुठल्याही वाटेने मात करता आलेली नाही. पहिली रेकॉर्डिंगच्या जागेची. उघड्या भिंतींच्या छोट्या खोलीत माइक लावून रेकॉर्ड केलेल्या आवाजात त्या खोलीची परावर्तनं मुरलेली असतात. त्यावर दुसरी खोली चढवली की दोन्ही ऐकू येतात, आणि इक्यू त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे जाड रजया टांगून पुन्हा रेकॉर्ड करण्याला पर्याय नाही.

दुसरी मर्यादा बोलण्याच्या जोराची. माइकपाशी कुजबुजत दिलेला संवाद कितीही रिव्हर्ब लावला तरी दारातून आलेला वाटत नाही, कारण दूरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आपण बोलतो तेव्हा सूर चढतो, स्वर लांबतात आणि आवाजाचा पोतच बदलतो. श्रोता अंतर ओळखतो ते या जोरावरून, घुमारावरून त्यानंतर. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळीच मुलाचं काम करणाऱ्याला सांगावं लागतं: आई साडेतीन मीटरवर आहे, तिला ऐकू जाईल असं बोल. माइक वीतभरच राहू दे, गेन कमी कर. तो संवाद तसा आला, तर वर सांगितलेला अर्ध्या सेकंदाचा, १५ डेसिबल खालचा, २५० हर्ट्झवर कापलेला घुमार पुरेसा होतो.